कौशल्याकाकीचा अझोला

कौशल्याकाकीच्या डोक्यावर गवताचा भारा मी कधी पाहिला नाही. मी लग्न होऊन या गावात आले तोवर तिच्याकडे भारा कापायला रानच उरलं नव्हतं. चाकणच्या कंपन्या पसरत पसरत आमच्या शिवाराला भिडल्या, काकीच्या दिरांनी जमिनीचे तुकडे करून विकले, आणि विधवा भावजयीच्या वाट्याला राहतं घर, मागचा गोठा आणि गोठ्यातली हौशी गाय तेवढी आली. दीर आज पांढऱ्या गाड्यांतून फिरतात आणि रस्त्यात भेटली की काच खाली न करता हात हलवतात. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, जीभ विटाळते.

काकी अंगाने काटकुळी, बोलायला फटकळ. एकुलता एक मुलगा जयदीप मोशीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. तो आणि त्याची बायको सायली तिला तिकडे बोलवायचे, अगदी मनापासून नसलं तरी बोलवायचे. काकी जायची नाही. तिचं उत्तर आख्ख्या आळीला पाठ होतं, "दावणीला गाय हाय तोवर मी कुणाच्या चुलीपाशी बसनार न्हाई." हौशीच्या दुधावर तिचं घर चालायचं आणि त्या दुधावरच तिचा ताठाही उभा होता. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं कळतं.

पण रान नसताना गाय पाळायची म्हणजे सगळा चारा विकतचा, आणि पेंड तर विचारूच नका. एक वर्ष असं आलं की काकी गाय विकायला निघाली होती. त्याच सुमारास ग्रामपंचायतीत शेतीखात्याची माणसं आली, त्यांनी बायकांना अझोला कसा करायचा ते दाखवलं आणि प्रत्येकीच्या हातात ओंजळभर हिरवं काहीतरी ठेवलं. पाण्यावर तरंगणारं इवलंसं नेचं ते. बऱ्याचजणींनी ते जाताजाता गटारात टाकलं. काकीने पदरात बांधून आणलं.

तिने गोठ्यामागे खाटेएवढा, वीतभर खोल खड्डा घेतला. तळाचे खडे वेचले, वर ताडपत्री अंथरली, कडा विटांनी दाबल्या. त्यावर चाळलेली माती पसरली, शेण पाण्यात कालवून त्यात चिमूटभर सुपर फॉस्फेट घातलं आणि ते ओतलं, मग पाच-सहा बोटं पाणी सोडलं आणि ती ओंजळ वर विस्कटली. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून वर हिरवी जाळी बांधली. पंधरवड्यात पाणी दिसेनासं झालं. अझोला असा वाढतो की रोज थोडा काढला नाही तर एकावर एक चढून सडतो. रोज काढायचा, चाळणीत धरून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, कारण शेणाचा वास राहिला तर गाय तोंड फिरवते, आणि पेंडीत मिसळून घालायचा. हौशीने पहिले काही दिवस पेंड चाटली आणि अझोला तसाच ठेवला. काकीने तिला शिव्या घातल्या आणि मिठाचा खडा चोळून पुन्हा घातला. मग लागली खायला.

एका खड्ड्यातून दिवसाला अर्धा किलो निघायचा. गाईला तेवढा पुरत नाही, म्हणून काकीने आणखी दोन खड्डे घेतले. पेंडीचं पोतं दुप्पट दिवस पुरायला लागलं, दूध थोडं चढलं, सायही जाड धरायला लागली. उरलेला अझोला कोंबड्यांना. गाय विकायचं नाव पुन्हा निघालं नाही. कुणी कौतुक केलं की काकी म्हणायची, "रान गेलं तर गेलं, पाण्यावर पीक घेती मी." आणि हे ती दिरांच्या घरावरून जाताना जरा मोठ्याने म्हणायची.

आमच्याकडे विरजण विकत नाहीत, मागायला आलेलीला परतही पाठवत नाहीत. काकीने अझोल्याला तोच नियम लावला. वाटी घेऊन ये, वाटीभर घेऊन जा. मीही नेला आणि आमच्या कपिलीसाठी खड्डा केला. रस्त्यापलीकडे चांदभाईंचं गॅरेज आहे, त्यांची सादिकाभाभी अंगणात गावठी कोंबड्या पाळते. तिच्याकडे खड्ड्याला जागा नव्हती, म्हणून ती रोज सकाळी काकीकडूनच ओंजळभर अझोला घेऊन जायची आणि बदल्यात अंडी ठेवून जायची.

आता एक लहानशी गोष्ट, पण घात तिनेच केला. या पिकाला शेणाबरोबर थोडं फॉस्फेट लागतं. थोडं म्हणजे आठवड्याला मूठभरसुद्धा नाही. दुकानदार आख्खं पोतं घ्या म्हणतो. काकीला ते सोपानरावांच्या कांद्याच्या पोत्यातून मिळायचं, ते हसत हसत कागदात बांधून द्यायचे. मग सोपानरावांच्या मुलांनी ते रान प्लॉटिंगला दिलं. कांदा गेला, पोतं गेलं. काही आठवड्यांत काकीचा अझोला लालसर पडायला लागला, पानं बारीक झाली, रोजची काढणी निम्म्यावर आली. ऊन जास्त झालं तरी तो लाल होतो, पण जाळी तर होती. काकीला बरोबर कळलं, की तो उपाशी आहे.

त्या रविवारी जयदीप आला होता. तो एका सुट्या भागांच्या कंपनीत रंगकामाच्या विभागात होता, कंत्राटावर. कित्येक वर्षं त्याला यंदा कायम करतो, पुढच्या वर्षी करतो असं चाललं होतं आणि या खेपेला यादीत नाव आहे असं साहेब म्हणाला होता. काकी त्याला लाल अझोला दाखवून कुरकुरली, की आख्ख्या गावात मूठभर फॉस्फेट मिळेना. जयदीप हसला. त्यांच्याकडे लोखंडी पार्टला रंग द्यायच्या आधी फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात, त्या टाकीच्या तळाशी मणामणाने गाळ साचतो, म्हणाला. फॉस्फेट ते फॉस्फेट.

पुढच्या रविवारी तो घेऊन आला. राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ, जेवणाच्या डब्यात भरून. गेटवर पिशव्या तपासतात, पण खरकटा डबा कोणी उघडत नाही. हा तोच डबा ज्यात काकीने त्याला शाळेपासून भाकरी बांधून दिली.

हे मी सहज म्हणून लिहीत नाही. त्या गाळात नुसतं फॉस्फेट नसतं. जस्त असतं, निकेल असतं, आणखीही काहीबाही असतं. म्हणून तर तो पिंपांत भरून, शिक्के मारून, वेगळ्या गाडीने नेतात. जयदीपने ती पिंपं स्वतःच्या हाताने भरली होती. त्यावरची कवटी रोज पाहिली होती. पण कंपनीत राहून माणसाला असल्या चित्रांची सवय होते. त्याला वाटलं, कंपनी टाकून देते ते आपल्या आईच्या कामाला येतंय. त्या दिवसापुरती मी त्याची बाजू घेते. त्याने वाईट हेतूने आणलं नाही.

आणि अझोला हिरवा झालाही! आठ-दहा दिवसांत लाली उतरली. काकीचा आनंद पाहण्यासारखा होता. गाय, दूध, खड्डे हे सगळं तिचं एकटीचं होतं, मुलाने त्यात कधी बोट घातलं नव्हतं. आता तो दर रविवारी यायचा, पँट दुमडून खड्ड्यात गाळ कालवायचा, तिथेच मायलेकरं चहा प्यायची. फुकटच्याला मोजमाप कुठलं? चिमटीच्या जागी ओंजळ पडत होती. काकी सगळ्यांना सांगायची, माझ्या जयदीपनं खत आणलं. कसलं ते सांगायची नाही, कारण त्याने सांगू नको म्हटलं होतं.

एवढ्याशा पाण्यात काय विरघळलं असेल ते सगळं अझोल्याने शोषून घेतलं. त्याचा गुणच तो आहे, पाण्यात जे असेल ते अंगात ओढतो, चांगलं-वाईट पाहत नाही. ओढतो ते पानात साठतं, मुळांना बारीक गाळ चिकटतो, आणि तीनदा धुतलं तरी तो सगळा जात नाही.

आधी कोंबड्यांवर आलं. काकीच्या आणि सादिकाभाभीच्या कोंबड्यांनी एकाच सुमाराला अंडी बंद केली आणि पिसं टाकायला सुरुवात केली. काकी म्हणाली उन्हाळा आहे, सादिकाभाभी म्हणाली नजर लागली. मग हौशीचं दूध उतरलं. मग ती पातळ हगायला लागली, पेंडीला तोंड लावेना, पाठीचा कणा वर आला. काकीने घरगुती सगळं करून पाहिलं आणि शेवटी राजगुरुनगरहून तौसिफ डॉक्टरला बोलावलं. तरुण पोरगा, पण नीट बघणारा. मी तेव्हा तिथेच होते, गाईचं दावं धरून. रविवार होता म्हणून जयदीपही होता.

डॉक्टरने गाईच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या. आत पिवळट, पांढुरकं. ताप फारसा नव्हता. हात धुताना त्याची नजर अंगणातल्या उघड्या मानेच्या कोंबड्यांवर गेली आणि तो थांबला. कोंबड्या आणि गाय एकच काय खातात, त्याने विचारलं. काकी म्हणाली, अझोला. तो खड्ड्यांपाशी गेला, पाण्यात हात घातला, तळाची माती चिमटीत घेऊन चोळून पाहिली.

"मावशी, यात काय घालता? नीट आठवून सांगा. कंपनीतलं काही, रंगाचा डबा, पावडर, बॅटरी, काहीही. लपवू नका, मला त्याप्रमाणं औषध ठरवायचंय."

काकीने जयदीपकडे पाहिलं. मीही पाहिलं, पण तेव्हा मला काही कळलं नाही. तो मोबाईलमध्ये बघत होता. मोबाईलचा पडदा काळा होता.

"शेन, माती आन् सुपर," काकी म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

डॉक्टरने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तो म्हणाला, तरी हा अझोला आजपासून बंद करा, आणि उद्या माणूस पाठवतो, त्याच्याकडे खड्ड्यातलं पाणी बाटलीत भरून द्या, पुण्याला तपासून घेऊ. मग त्याने गोचिडांचा ताप धरून सुया दिल्या, कारण दुसरं काही धरायला तिने जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाटली न्यायला माणूस आला तेव्हा तिन्ही खड्डे कोरडे होते. काकीने रात्रीतून सगळं उपसून पोत्यांत भरलं होतं आणि जयदीपने पहाटेच ती पोती कुठेतरी नेऊन टाकली होती. कुठे ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हौशी त्या आठवड्यातच गेली. शेवटी उठताच येईना. काकी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत नव्हती, हे बायकांना खटकलं. डॉक्टरला वेळेवर कळतं तर ती वाचली असती का, हे मी पुढे त्याला आडून विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही, पण उपाय तरी बरोबर केला असता.

गाईला पुरायच्या खड्ड्यात लोटताना गाव जमलं होतं. चिमाजी पाटलांनी जयदीपला विचारलं, कशाने गेली रे? मला वाटतं त्या क्षणी त्याला गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं त्याला चांगलं जमत होतं.

"आईला लाख वेळा सांगितलं, डबक्यातलं काहीबाही घालू नको," तो म्हणाला. "ऐकेल तर ना."

काकी चार हातांवर उभी होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "व्हय," म्हणाली, "माजंच चुकलं."

तिसऱ्या दिवशी ती घमेलं घेऊन आळीत निघाली. अलीकडच्या काही महिन्यांत ज्यांनी ज्यांनी तिच्याकडून अझोला नेला होता, त्या प्रत्येकीच्या दारात जाऊन ती तो परत मागत होती. दिलेलं विरजण कुणी परत मागतं का? बायकांनी कारण विचारलं. काकी म्हणाली, माझा हात वाईट आहे. माझ्या हातचं तुमच्या जनावराला नको. हे ती तांब्याभर पाणी मागायला आल्यासारखं प्रत्येक दारात सहज सांगत होती, आणि बायका एक पाऊल मागे सरत होत्या. सादिकाभाभीने मात्र तिला आत बसवून पाणी दिलं. कोंबड्यांचं तिने विचारलंसुद्धा नाही.

माझा अझोला जुना, गाळ यायच्या आधीचा होता, पण मध्ये एकदा उन्हात खराब झाला तेव्हा मी पुन्हा वाटीभर नेला होता. मी अडून बसले. कारण सांगितल्याशिवाय देणार नाही म्हटलं, आणि हात वाईट वगैरे मला सांगू नका. तेव्हा ती माझ्या ओट्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. डबा, गाळ, पहिला रविवार. डॉक्टरने विचारलं आणि जयदीपने मोबाईल काढला, त्या घडीला तिला कळलं होतं, की गाईला तो गाळच भोवलाय.

"खरं बोलली असती तर कंपनीत कळलं असतं," ती म्हणाली. "चोरी म्हनले असते, वर इख आनलं म्हनले असते. त्याचं नाव यादीत हाय. गाय काय, दुसरी बी येती."

मला इतका राग आला की मी तिला धीराचा एक शब्द बोलले नाही. मी म्हटलं, आणि गावापुढं त्याने तुमच्यावर ढकललं ते? ती म्हणाली, तो घाबरला होता. मग माझ्या खड्ड्यातला अझोला तिने स्वतःच्या हाताने शेवटच्या पानापर्यंत वेचला, पाणी उपसलं, ताडपत्री घासून धुतली. मला हात लावू दिला नाही.

दुसरी गाय आली नाही. यादी लागली तेव्हा जयदीपचं नाव तिच्यात नव्हतं. पुढे कंत्राटदारच बदलला आणि नव्याने स्वतःची पोरं आणली. गाळाची गोष्ट कंपनीत कधी कुणाला कळलीच नाही. काकी ज्याच्यासाठी खोटं बोलली ते असं कुणीही काही न करता हातचं गेलं. जयदीप आता त्या कंपनीत नाही म्हणूनच मी हे लिहिते आहे, नाहीतर तिने मला कधी लिहू दिलं नसतं.

मोशीचा फ्लॅट सोडून तो आणि सायली गावी आले. गोठा पाडून त्याने भाड्याच्या खोल्या काढल्या. खड्डे होते तिथे आता मोरी आहे. काकी त्यांच्यात राहते, सायलीच्या चुलीवरचं खाते. पिशवीच्या दुधाचा चहा ती अर्धा ठेवते. जयदीपला कुणी हौशीचं विचारलं तर तो अजून डबकंच सांगतो. मला वाटतं त्याला ते आता खरंही वाटत असावं.

गेल्या महिन्यात आमच्या कपिलीला वेणा सुरू झाल्या आणि वासराचा एकच पाय बाहेर आला. डॉक्टर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. आळीत असली अडलेली गाय सोडवणारी एकच बाई, कौशल्याकाकी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी निघाले तर सासूबाईंनी दारात हात आडवा केला. त्या कौशल्याचा हात माझ्या गाईला नको, म्हणाल्या. मग माझ्याने राहवलं नाही. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं मी तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं, की हात वाईट नव्हता, विष मुलाने आणलं होतं, काकीने मुलासाठी तोंड बंद ठेवलं आणि गावाची बोलणी स्वतःवर घेतली. मला वाटलं, आता तरी सासूबाई विरघळतील.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे डाक्टर इचारत व्हता तवा तिला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग तर मुळीच नको," सासूबाई म्हणाल्या, आणि कपिलीपाशी जाऊन बसल्या.

मी दारातून मागे फिरले आणि डॉक्टरला पुन्हा फोन लावला. तौसिफ डॉक्टर पोचायला उशीर झाला, कपिली वाचली, वासरू गेलं. काकी त्या दिवशी तिच्या दारात उभी राहून आमच्या गोठ्याकडे बघत होती. तिला कुणी हाक मारली नाही, आणि तीही आपण होऊन आली नाही.